लक्ष्य पैशाचे, मर्जी धारकाची

अण्णा नगरातील माझ्या बँकेत निवृत्तिवेतनाची ठरावीक मर्यादेवरील शिल्लक आपोआप मुदत ठेवीत वळते. माझा खर्च तोच राहतो; पण चलन आणि मागणी ठेवींचा ‘संकुचित पैसा’ तेवढ्याने घटतो. बँकांच्या अशाच नव्या खात्यांमुळे हे माप फसवे ठरले आणि कॅनडाने १९८२ मध्ये त्याचे लक्ष्य सोडले.

आपल्याकडे सुखमय चक्रवर्ती समितीने १९८५ मध्ये मुदत ठेवींसह ‘व्यापक पैशा’चे लवचिक लक्ष्य सुचविले. गृहीतक एकच होते: उत्पन्नाच्या प्रमाणात लोक किती पैसा बाळगतील, याचा अंदाज बांधता येतो.

ते ढळले तर काय होते? समजा, उत्पन्न १०० आणि पैसा ६० आहे. वाढ ६ टक्के व भाववाढ सुमारे ४ टक्के धरून रिझर्व्ह बँक पैसा ६६ करते. लोकांनी उत्पन्नाच्या ५५ टक्केच पैसा बाळगायचे ठरविले, तर तोच ६६ पैसा १२० इतके उत्पन्न पेलतो. उत्पादन १०६ वरच थांबले, तर भाव १३ टक्क्यांनी चढतात. लक्ष्य मात्र अचूक गाठलेले असते!

चक्रवर्तींना दोष देणे मला अन्याय्य वाटते. त्यांच्या काळी व्याजदर सरकारी चौकटीत होते आणि बचतीला पर्याय मोजके होते. नव्वदच्या दशकात व्याजदर मोकळे झाले, परकीय भांडवल आले, तशी मागणी डळमळू लागली. एप्रिल १९९८ मध्ये रिझर्व्ह बँक अनेक निर्देशकांकडे वळली. व्यापक पैसा त्यांपैकी एक म्हणून उरला. त्याचे आकडे आजही प्रसिद्ध होतात.