चौकशीपत्र : शुल्क आणि बॅचच्या वेळा

‘आपल्या अभ्यासक्रमांची सर्व माहिती पाठवावी’ असे चौकशीपत्रात लिहिले की संस्थेकडून छापील माहितीपत्रक येते आणि खरा प्रश्न तसाच राहतो. आपली परिस्थिती आधी सांगून मग मोजकेच प्रश्न विचारलेले पत्र अधिक कामाचे. मुक्ताईनगरहून पुणे चारशे किलोमीटरहून लांब, त्यामुळे तिथल्या विद्यार्थिनीसाठी शुल्काइतकाच वेळेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बारावीची परीक्षा दिलेली अशी विद्यार्थिनी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागाला, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूटला, लिहीत आहे असे धरून पुढील नमुना उत्तर दिले आहे.

दिनांक : ५ एप्रिल २०२५

प्रति,
मा. विभागप्रमुख,
विदेशी भाषा विभाग, रानडे इन्स्टिट्यूट,
फर्ग्युसन महाविद्यालय रस्ता, पुणे.

विषय : जर्मन प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचे शुल्क व बॅचच्या वेळा कळवण्याबाबत.

महोदय,

मी मुक्ताईनगर येथे राहते. यंदा बारावीची परीक्षा दिली आहे. जर्मन भाषा यापूर्वी शिकलेले नाही. नव्या शैक्षणिक वर्षात पहिल्या पातळीच्या वर्गात प्रवेश घेण्याची इच्छा आहे.

एकूण शुल्क किती, त्यात पुस्तके व परीक्षा शुल्क धरले आहे का, आणि ते हप्त्यांनी भरता येते का, हे कृपया कळवावे.

पदवीसाठी पुण्यात प्रवेश मिळाल्यास मी संध्याकाळी ५ नंतर किंवा शनिवार-रविवारी येऊ शकेन. या वेळांत बॅच आहे का? आठवड्यात किती तास वर्ग असतो? पुण्यात येणे न जमल्यास ऑनलाइन वर्गाची सोय आहे का? हेही कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
अ. ब. क.
मुक्ताईनगर, जि. जळगाव.
ई-मेल : abc@xyz.com

या पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य म्हणजे ‘जर्मन भाषा यापूर्वी शिकलेले नाही’. भाषेचे वर्ग पातळीनुसार भरतात. बॅच, तिची वेळ आणि बहुधा शुल्कही पातळीवरच ठरते. हे वाक्य गाळले तर संस्थेला आधी उलट विचारणा करावी लागते.

नुसते ‘फी किती?’ विचारले तर शिकवणीचीच रक्कम कळते. पुस्तकांचा आणि परीक्षेचा खर्च प्रवेशाच्या वेळी समोर आला की घरचे गणित कोलमडते, म्हणून ते प्रश्न वेगळे विचारले आहेत. वेळेबाबत मात्र स्वतःची मोकळी वेळ सांगितली आहे. संस्थेला ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहून भागते.

दूरच्या गावाहून लिहिताना मुक्कामाची, वसतिगृहाची चौकशीही याच पत्रात घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. विषयाच्या ओळीत जे नाही ते मजकुरात आणू नये. परीक्षकही हेच पाहतो.

‘अ. ब. क.’ ही आद्याक्षरे फक्त उत्तरपत्रिकेपुरती, कारण तिथे परीक्षार्थीची ओळख उघड करायची नसते. खरे पत्र पाठवताना पूर्ण नाव, पिनकोडसह पत्ता आणि मोबाइल क्रमांक लिहावा.