भेटतानाही चाओ, निघतानाही चाओ

माझ्या मैत्रिणीचा मुलगा साताऱ्यात वाढला, पुण्यात इंजिनिअर झाला आणि पुढच्या शिक्षणासाठी इटलीतल्या तोरिनो शहरात गेला. तिथले वर्ग इंग्रजीतून होते, त्यामुळे इटालियन शिकून जायची गरज त्याला वाटली नाही. एक शब्द मात्र तो इथूनच घेऊन गेला होता. कॉलेजच्या कट्ट्यावरून उठताना त्याच्या गटातली मुलं एकमेकांना ‘चाओ’ म्हणायची. चाओ म्हणजे ‘चला, येतो’, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

तोरिनोत भाड्याने घेतलेल्या घराची बेल त्याने वाजवली. दार उघडणारा मुलगा तोंड भरून हसला आणि म्हणाला, “चाओ!” हा दोन बॅगा घेऊन उंबऱ्यातच थबकला. आपण भलत्याच घरी आलो आणि हा आपल्याला गोडीत वाटेला लावतोय, असंच त्याला वाटलं. तेवढ्यात त्या मुलाने त्याची एक बॅग उचलून आत नेलीसुद्धा. स्वयंपाकघरातून एक मुलगी खांद्याला पिशवी लावत बाहेर आली, ‘चाओ’ म्हणाली, आपलं नाव सांगितलं, हात मिळवला. मग जिना उतरायला लागली आणि पाठमोरीच पुन्हा म्हणाली, “चाओ!” एकाच मुलीने, एकाच दारात, मिनिटभरात तोच शब्द दोनदा वापरला होता. पहिल्यांदा ओळख करून घेताना आणि दुसऱ्यांदा निघताना.

रात्री त्याने घरातल्या त्या मुलाला विचारलं, “तुमचा घोटाळा होत नाही का?” त्या मुलाला प्रश्नच कळेना. त्याला आजवर असा घोटाळा झालेलाच नव्हता.

घोटाळा होत नाही, कारण शब्दाच्या आजूबाजूचं सगळं अर्थ सांगत असतं. भेटीचा चाओ वाक्याच्या तोंडाशी येतो. त्याच्यामागे बहुतेक वेळा नाव किंवा ‘कोमे वा?’, म्हणजे ‘कसं चाललंय?’ असं काही येतं. निरोपाच्या चाओच्या आधी ‘अल्लोरा’, म्हणजे आपलं ‘बरं मग’, लागतं. किंवा नंतर ‘आ दोमानी’, ‘उद्या भेटू’, असं जोडलं जातं. फोन ठेवतानाचा चाओ तर लगेच ओळखू येतो. तो एकटा येत नाही. चाओ, चाओ, चाओ, चाओ अशी घाईघाईची रांग लागते, आवाज हळूहळू उतरत जातो आणि शेवटचा चाओ निम्माच ऐकू येतो.

मैत्रिणीने मला हे सगळं सांगितलं तेव्हा मला तिच्याच सासूबाई आठवल्या. दारात पाहुणा दिसला की त्या म्हणतात, “या, या, बसा.” तोच पाहुणा चहा घेऊन उठला की म्हणतात, “बरं, या मग.” शब्द तोच, दारही तेच. पहिला ‘या’ आत बोलावतो, दुसरा पुन्हा येण्याचं आमंत्रण देऊन निरोप देतो. गावाकडचा रामरामही असाच. पारावर बसताना रामराम, उठतानाही रामराम, आणि नोकरी सोडली तर तिलाही रामरामच ठोकायचा.

यामागे एक कारण आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. काही शब्द प्रसंगाला बांधलेले असतात. आपलं ‘येतो’ निघतानाच म्हणता येतं. इटालियनमधलं ‘अरिवेदेर्ची’ही तसंच, कारण त्यातच ‘पुन्हा भेटू’ हा अर्थ आहे. पण नमस्कार म्हणजे वाकणं, आणि वाकायला येणं-जाणं दोन्ही चालतं. चाओचं मूळही असंच समोरच्यापुढे वाकण्यात आहे.

हा शब्द व्हेनिसचा. तिथल्या बोलीत ‘स्चावो’ म्हणजे गुलाम. मध्ययुगात एड्रियाटिक समुद्रापलीकडच्या प्रदेशातून पकडून आणलेल्या स्लाव लोकांची युरोपात विक्री होत असे. ही विक्री इतकी चालली, की मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्या लोकांचं नावच गुलाम या अर्थाने रूढ झालं, आणि त्यावरून व्हेनिसच्या बोलीत स्चावो आला. एका अख्ख्या लोकसमूहाची यातना त्या दोन अक्षरांत गाडलेली आहे, हे विसरू नये असं मला वाटतं.

पुढे व्हेनिसमधले सभ्य लोक एकमेकांना भेटताना आणि निरोप घेताना ‘मी तुमचा दास’ अशा अर्थाने हाच शब्द वापरू लागले. आपण जुन्या पत्रांत ‘आपला आज्ञाधारक’ लिहायचो तसाच हा शिष्टाचार. अठराव्या शतकातला व्हेनिसचा नाटककार गोल्दोनी याच्या नाटकांतली पात्रंही अशीच एकमेकांची दासं म्हणवतात. रोजच्या वापरात शब्द झिजला. आधी ‘व’ गळून ‘स्चाओ’ झाला, मग सुरुवातीचा ‘स’ही गेला. मिलानमधले लोक हा नवा शब्द वापरत असल्याचा उल्लेख १८१८ च्या एका पत्रात सापडतो. दास हा अर्थ लोक विसरून गेले, पण भेटताना आणि निघताना दोन्ही वेळा म्हणायची सवय तेवढी राहिली. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात ‘सेर्वूस’ म्हणतात. तो दास या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे आणि तोही दोन्ही वेळांना चालतो.

इटलीबाहेर पडल्यावर मात्र चाओचे दोन अर्थ सगळीकडे टिकले नाहीत. इटलीतून लाखो माणसं अर्जेंटिनात जाऊन स्थायिक झाली आणि हा शब्द तिथल्या स्पॅनिशमध्ये ‘चाऊ’ होऊन शिरला, पण फक्त निरोपासाठी. हेमिंग्वेने पहिल्या महायुद्धातल्या इटालियन आघाडीवर १९२९ मध्ये जी कादंबरी लिहिली, तिच्यात हा शब्द इंग्रजी वाचकांना भेटला. इंग्रजीतही त्याचा निरोपाचा अर्थच जास्त रुजला. आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर पोचला तो हा अर्धा चाओ.

दोन्ही अर्थ कळल्यावर आमचा सातारकर भेटेल त्याला चाओ म्हणू लागला. त्याच्या इमारतीत तळमजल्यावर सत्तरीच्या एक बाई राहतात. कुंड्यांना पाणी घालत असलेल्या त्या बाईंनाही त्याने हात वर करून चाओ म्हटलं. त्यांनी वर पाहिलं, जराशा थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “बुओन्जोर्नो.” म्हणजे नुसतं ‘शुभ दिवस’. आवाजात राग नव्हता, पण अंतर होतं. घरातल्या मुलाने नंतर त्याला समजावलं, की इटालियनमध्येही तू आणि तुम्ही आहे. तू म्हणजे ‘तू’च, उच्चारही तोच. आदरार्थी रूप ‘लेई’. ज्याला तू म्हणतो त्यालाच चाओ म्हणायचं. बाईंनी त्याचा शब्द उलट न देता आदराचा शब्द दिला, यातच दुरुस्ती होती. आपल्याकडे शेजारच्या आजोबांना ‘काय रे, कसा आहेस?’ विचारलं तर तेही असेच जरा थांबतील.

मुलगा समजूतदार. दुसऱ्या दिवसापासून तो बाईंना सकाळी बुओन्जोर्नो आणि संध्याकाळी ‘बुओनासेरा’ म्हणू लागला. काही आठवड्यांनी त्यांनीच जिन्यात त्याला थांबवून मला तू म्हण, असं सांगितलं. ही परवानगी देण्याची तिथे रीतच आहे, आणि ती वयाने मोठ्या माणसाने द्यायची असते. तेव्हापासून दोघांचा चाओ सुरू झाला.

तुमच्यापैकी कोणी इटलीला निघालं असेल, तर दुकानात, दवाखान्यात, बँकेत आणि वडीलधाऱ्यांपाशी जाताना बुओन्जोर्नो म्हणा आणि निघताना अरिवेदेर्ची. समोरच्याला तू म्हणावं की तुम्ही, हे ठरत नसेल तर ‘साल्वे’ म्हणा, तो मधला शब्द आहे. बरोबरीच्या वयाची मुलं, मित्र आणि लहान मुलं यांना मात्र खुशाल चाओ म्हणा, भेटतानाही आणि निघतानाही. बाकीच्यांच्या बाबतीत समोरचा माणूस आधी चाओ म्हणेपर्यंत थांबा.