मिठाईवाल्याचा बत्ता आणि डॉक्टरांचा स्टेथोस्कोप

‘शेजाऱ्याच्या गिरणीचा आवाज आमच्या घरात येतो. कायद्याने गिरणी थांबवली तरच त्रास थांबेल ना?’ असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. उत्तरासाठी दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये जायला हवं.

तिथल्या विगमोर स्ट्रीटवर एक मिठाईवाला होता. त्याच्या स्वयंपाकघरात दोन मोठे खल होते आणि त्यांतला एक साठ वर्षांहून अधिक काळ चालू होता. मागे, विम्पोल स्ट्रीटवरच्या घरात एक डॉक्टर राहायला आले. त्यांनाही काही वर्षं त्रास झाला नाही. मग १८७३ च्या सुमारास त्यांनी बागेच्या टोकाला, मिठाईवाल्याच्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली. बत्त्याच्या ठोक्यांमुळे आता रुग्णाच्या छातीतले आवाज ऐकू येईनात. डॉक्टर कोर्टात गेले आणि १८७९ मध्ये जिंकले. मिठाईवाल्यावर मनाई हुकूम निघाला.

हा खटला रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या लेखात उलगडून दाखवला. त्याचा पहिला मुद्दाच विलक्षण आहे. त्रास एका बाजूचा नसतो. बत्ता डॉक्टरांना नडतो, तसा बत्ता बंद करणं मिठाईवाल्याला नडतं. म्हणून कुणाचं नुकसान टाळणं जास्त मोलाचं, हे आधी पाहायचं.

समजण्यासाठी आकडे मानू. बत्ता चालू राहिला तर डॉक्टरांचं वर्षाला १०० पौंडांचं नुकसान होतं आणि बंद केला तर मिठाईवाल्याचं ६० पौंडांचं. हक्क डॉक्टरांकडे असेल, तर मिठाईवाला परवानगीसाठी फार तर ६० पौंड देईल. डॉक्टर १०० च्या खाली ऐकणार नाहीत. सौदा होत नाही, बत्ता बंद. आता हक्क मिठाईवाल्याला देऊ. डॉक्टर म्हणतील, ‘८० पौंड घ्या आणि थांबवा.’ मिठाईवाल्याला २० पौंड सुटतात, डॉक्टरांचे २० वाचतात. बत्ता पुन्हा बंदच!

आकडे उलटे केले, तर दोन्ही वेळा बत्ता चालू राहील. आणि ३० पौंडांत जाड भिंत बांधून आवाज अडत असेल, तर हक्क कुणाचाही असो, भिंतच बांधली जाईल. कोर्टाच्या निकालाने बदलतं ते एवढंच, की पैसे कुणी मोजायचे.

कोझचं हे म्हणणं शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञांना आधी पटलं नव्हतं. १९६० मध्ये ॲरन डायरेक्टर यांच्या घरी एका संध्याकाळी वाद रंगला. जॉर्ज स्टिगलर यांच्या आठवणीनुसार, सुरुवातीला वीस जण कोझच्या विरोधात होते आणि शेवटी सगळे त्याच्या बाजूने. त्या रात्री तिथे असायला मिळालं असतं तर, असं मला नेहमी वाटतं!

पुढे स्टिगलर यांनी या विचाराला ‘कोझचा सिद्धांत’ हे नाव दिलं. तो पाठ्यपुस्तकांत गेला आणि ‘बाजार सगळं सोडवतो’ असं सांगायला वापरला जाऊ लागला. इथे कोझवर अन्याय झाला. त्याचा रोख नेमका उलट्या बाजूला होता. शेजाऱ्याला गाठणं, घासाघीस करणं, करार लिहून घेणं आणि तो पाळला जातोय का ते पाहणं, या सगळ्याला खर्च येतो. तो शून्य असेल तरच वरचं गणित जुळतं, आणि तो शून्य कधीच नसतो, हे त्याला सांगायचं होतं.

आपल्याच उदाहरणात पाहा. सौद्यातून दोघांचा मिळून फायदा ४० पौंडांचा. वकील आणि कागदपत्रांवर ५० पौंड जाणार असतील, तर सौदा होणारच नाही. हक्क मिठाईवाल्याकडे असला, तर १०० पौंडांचं नुकसान करत बत्ता चालूच राहील. म्हणजे निकाल कुणाच्या बाजूने लागतो, याला इथे खरं महत्त्व येतं. गिरणीशेजारी एकाऐवजी शंभर घरं असतील, तर प्रत्येकाला वाटेल की पैसे दुसऱ्याने द्यावेत. तिथे तर बोलणीच सुरू होत नाहीत.

आणि माणसाचं मन? वॉर्ड फार्न्सवर्थ या कायद्याच्या अभ्यासकाने अमेरिकेतले शेजारत्रासाचे वीस खटले निवडले आणि त्यांतल्या वकिलांना विचारलं, की निकालानंतर हक्काचा सौदा झाला का? १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेलं उत्तर असं, की एकाही प्रकरणात झाला नाही. कोर्टात भांडून आलेल्यांमध्ये कटुता इतकी होती, की हक्काला किंमत लावून बोलणी करायची इच्छाच उरली नव्हती.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्या वाचकाला माझं सांगणं असं, की गिरणीवाल्याशी बोलायचं असेल, तर दावा दाखल करण्याआधी बोला.