रेल्वे धावली १८१६ साली?

जुन्या इंग्रजी पुस्तकांचे स्कॅन आता घरबसल्या मिळतात आणि त्यांच्यासोबत ओसीआरने, म्हणजे अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने, काढलेला मजकूरही. एकोणिसाव्या शतकातल्या भारतातील दुष्काळांवरचं एखादं पुस्तक वाचताना समजा त्या मजकुरात ही ओळ आली:

```
In 1816 tbe com came by rail
```

यात तीन चुका आहेत आणि तिन्हींची जात वेगळी आहे.

`tbe` ही सर्वांत निरुपद्रवी. असा शब्दच नाही, त्यामुळे डोळा आपोआप `the` वाचतो. `h` चा कमानीखालचा भाग शाईने बुजला की त्याचा `b` होतो.

`com` फसवा आहे. मूळ शब्द `corn`, म्हणजे त्या काळच्या इंग्रजीत धान्य. खिळ्यांच्या छपाईत शाई पसरून `r` चा हात `n` ला चिकटतो. मधली फट गेली की प्रोग्रामला तीन दांड्यांचं एकच अक्षर दिसतं, `m`. अशाच चुकीमुळे शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत `modern` च्या जागी `modem` सापडतो. तो खरा शब्द असल्याने स्पेलचेकही गप्प बसतो. आपल्याकडे ‘ख’ आणि ‘रव’ यांचा हाच घोळ होतो. तो टाळावा म्हणून तर प्रमाण देवनागरीत ‘ख’चे दोन्ही भाग खाली जोडलेले असतात.

अशा चुकीचा खरा फटका शोधताना बसतो. `corn` शोधलं तर ही ओळ सापडतच नाही आणि धान्याचा उल्लेख नाही असं आपण समजून बसतो. म्हणून दोन्ही रूपं एकदम शोधावीत:

```
grep -nwE 'corn|com' book.txt
```

तिसरी चूक सर्वांत घातक, कारण `1816` मध्ये खटकण्यासारखं काहीच नाही. शब्दाला आजूबाजूचे शब्द सावरतात, आकड्याला तो आधार नसतो. इथे मात्र `rail` मदतीला येतो. मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली १८५३ मध्ये, तेव्हा १८१६ साली धान्य रेल्वेने येणं शक्यच नाही. `7` ची आडवी रेघ पुसट असली की त्याचा `1` होतो. म्हणजे साल १८७६ असावं, दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचं.

पण ‘असावं’वर थांबू नये. हा अंदाज फक्त कोणतं पान उघडायचं ते सांगतो. मूळ पानाचं चित्र मोठं करून आकडा डोळ्यांनी पाहावा. तक्ता असेल तर रकान्याची बेरीज छापलेल्या बेरजेशी ताडावी. फरक नेमका ३०, ५० किंवा ६०० आला, तर बहुधा एकच अंक चुकलेला असतो. चित्रातही तो अंक पुसट असेल, तर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत शोधावी. तोवर ते साल आपल्या टिपणात प्रश्नचिन्हासहच राहू द्यावं.