बिजागरी असलेली तुळई: सुटी करा, मग सोडवा

काल उस्मानपुऱ्यात चहावर एका पोराने विचारलं, "तीन आधार, समीकरणं दोनच. रिअ‍ॅक्शन कशा काढू?" अरे, तिसरं समीकरण बिजागरीच देते: तिथे मोमेंट शून्य.

बाराच मीटरची तुळई घ्या. A, B, C हे आधार सहा-सहा मीटरवर, B च्या उजवीकडे दोन मीटरवर बिजागरी H. सगळीकडे मीटरला १० किलोन्यूटन भार. आता H वर तुळई सुटी करा. HC हा चार मीटरचा तुकडा साधाच, भार ४०. म्हणून C वर २० आणि H वर २०. हे २० आता डाव्या तुकड्याच्या टोकावर खाली दाबतात. A भोवती मोमेंट घेतली की B येतो ८०, A उरतो २०. बेरीज १२०, हिशेब जुळला.

B वर मोमेंट उणे ६०. A पासून दोन मीटरवर अधिक २०, चार मीटरवर शून्य. HC च्या मध्यावर पुन्हा अधिक २०. H वर सुटा भार नसेल तर आकृती शून्यातून सरळ पार जाते. तिथे कोपरा आला तर समजा, चुकलं.

बिजागरी नसती तर B वर मोमेंट उणे ४५ च आली असती. मग बिजागरी कशाला? आपल्याकडच्या काळ्या मातीत पाया खचतो. B थोडा खचला तर अखंड तुळईत जादा मोमेंट येते. बिजागरीची तुळई नुसती कलते, आकडे तेच राहतात. जर्मनीच्या हाइनरिश गेर्बरने १८६६ मध्ये याच रचनेचं पेटंट घेतलं.