शेवटच्या चित्राची किंमत

पाठ्यपुस्तकातल्या एका गणिताचा फोटो भाच्याने पाठवला: बिस्किटाच्या प्रत्येक पुड्यात सहा चित्रांपैकी एक, सगळ्यांची शक्यता सारखी, संच पुरा व्हायला सरासरी किती पुडे लागतील?

पहिल्या पुड्यात नवं चित्र हमखास मिळतं. पुढच्या नव्या चित्राची शक्यता सहात पाच, म्हणून सरासरी ६/५, म्हणजे १.२ पुडे. मग १.५, २, ३ आणि एकट्या शेवटच्या चित्रासाठी तब्बल ६. बेरीज १४.७.

पण १५ पुडे घेतले की संच पुरा होतोच, असं मात्र नाही. सुमारे तिघांतल्या एकाचा तेव्हाही अपुराच असतो. कंपनीने एखादं चित्र मुद्दाम कमी छापलं, तर सरासरी आणखी वाढते. म्हणून पाच चित्रं जमली की मुलांना पुडे घेऊन देणं थांबवा, अदलाबदल करू द्या.