दहापैकी सात सौदे जिंकले, तरी तोटा कसा?

दोन वह्या समोर ठेवू. दोन्ही वह्या शेअर बाजारात ठरलेल्या नियमांनी व्यवहार करणाऱ्यांच्या आहेत आणि दोन्हींत पन्नास-पन्नास सौदे नोंदवलेले आहेत. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशा वह्या प्रत्यक्षात पुष्कळ सापडतात. पहिल्या वहीत ५० पैकी ३५ सौदे नफ्यात गेले. दुसऱ्या वहीत नफ्यातले सौदे फक्त १८ आहेत, बाकी ३२ वेळा खिशातले पैसे गेले. यातली कोणती वही तुमची असावी, असं विचारलं तर बहुतेक जण पहिलीकडे बोट दाखवतील.

आता रकमा पाहू. पहिल्या वहीत नफ्याच्या सौद्यात सरासरी १,००० रुपये मिळाले आणि तोट्याच्या सौद्यात सरासरी २,५०० रुपये गेले. म्हणजे ३५ सौद्यांचे आले ३५,००० आणि १५ सौद्यांचे गेले ३७,५००. दहापैकी सात वेळा जिंकूनही ही वही अडीच हजारांनी तोट्यात आहे. दुसऱ्या वहीत नफ्याची सरासरी ८,४०० रुपये आणि तोट्याची ३,००० रुपये. तिथे १८ सौद्यांनी १,५१,२०० रुपये आणले, ३२ सौद्यांनी ९६,००० रुपये नेले आणि हातात ५५,२०० रुपये उरले.

किती वेळा जिंकलो आणि जिंकल्यावर किती मिळालं, या दोन गोष्टी एकत्र मांडणारा जो आकडा, त्याला बाजारात एक्स्पेक्टन्सी म्हणतात. आपल्या गणिताच्या भाषेत हे अपेक्षित मूल्य. दीर्घकाळ तेच नियम पाळले तर एका सौद्यामागे सरासरी किती रुपये मिळतील, एवढंच तो सांगतो. काढायची रीत सोपी आहे. नफ्याच्या सौद्यांचं प्रमाण गुणिले सरासरी नफा, त्यातून तोट्याच्या सौद्यांचं प्रमाण गुणिले सरासरी तोटा वजा करायचं. दुसऱ्या वहीसाठी ०.३६ × ८,४०० म्हणजे ३,०२४, आणि ०.६४ × ३,००० म्हणजे १,९२०. वजाबाकी १,१०४ रुपये. पहिल्या वहीसाठी ७०० वजा ७५०, म्हणजे उणे ५० रुपये.

सौद्यांची यादी एक्सेलमध्ये असेल, ५० सौद्यांचा नफा-तोटा B2 ते B51 या रकान्यात असेल, तर काम चार ओळींचं आहे:

```
=COUNTIF(B2:B51,">0")/COUNT(B2:B51)
=AVERAGEIF(B2:B51,">0")
=AVERAGEIF(B2:B51,"<=0")
=AVERAGE(B2:B51)
```

पहिली ओळ जिंकण्याचं प्रमाण देते, दुसरी सरासरी नफा, तिसरी सरासरी तोटा. शून्यावर सुटलेला सौदा इथे तोट्याच्या बाजूला धरला आहे, कारण तो कुठेच धरला नाही तर हिशेब जुळत नाही. चौथ्या ओळीत सरळ सगळ्या सौद्यांची सरासरी येते आणि ती एक्स्पेक्टन्सीशी तंतोतंत जुळायला हवी. मग आधीच्या तीन ओळींचा खटाटोप कशाला? कारण चौथी ओळ फक्त निकाल सांगते. हा निकाल वारंवार मिळणाऱ्या छोट्या नफ्यांतून आला की क्वचित मिळणाऱ्या मोठ्या नफ्यांतून, हे विभागणी केल्याशिवाय कळत नाही. आणि पुढे काय बिघडू शकतं, हे त्यावरच ठरतं.

दुसऱ्या वहीमागचे नियम जुन्या आणि प्रसिद्ध घराण्यातले आहेत. १९८३ साली शिकागोत रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी जाहिरात देऊन निवडलेल्या लोकांना ठरलेल्या नियमांनी व्यवहार करायला शिकवलं. पुढे हे शिष्य 'टर्टल्स' म्हणून ओळखले गेले. त्यांच्या एका पद्धतीचा गाभा असा होता: भाव गेल्या २० दिवसांच्या उच्चांकाच्या वर गेला की खरेदी करायची आणि गेल्या १० दिवसांच्या नीचांकाखाली आला की बाहेर पडायचं. बहुतेकदा भाव वर डोकावतो आणि परत खाली येतो. तेव्हा थोडासा तोटा घेऊन निघावं लागतं. कधीतरी मात्र भाव आठवडेच्या आठवडे चढत राहतो आणि तो एक सौदा मागच्या अनेक तोट्यांची भरपाई करतो. अशा पद्धतीत जिंकण्याचं प्रमाण कमी असणं हा तिचा दोष नव्हे, ती तिची घडणच आहे.

पहिल्या वहीची घडण याच्या उलट आहे. नफा दिसला की लगेच बुक करायचा आणि तोट्यात 'येईल परत' म्हणून थांबायचं. त्यामुळे जिंकण्याचं प्रमाण आपोआप फुगतं. अशा वहीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते: अजून न विकलेले तोट्यातले शेअर हिशेबात धरले आहेत का? ते आजच्या भावाने धरले नाहीत, तर ७० टक्के हा आकडा फक्त बुक केलेल्या नफ्यांनी सजवलेला असतो.

किमान किती वेळा जिंकायला हवं, हे नफा-तोट्याच्या गुणोत्तरावरून थेट निघतं. सरासरी नफ्याला सरासरी तोट्याने भागा, त्यात एक मिळवा आणि त्या उत्तराने एकाला भागा. दुसऱ्या वहीत ८,४०० भागिले ३,००० म्हणजे २.८. एक भागिले ३.८, म्हणजे सुमारे २६.३ टक्के. इतकं जिंकलं तरी ना नफा ना तोटा. तिचे ३६ टक्के त्याच्या बरेच वर आहेत. पहिल्या वहीचं गुणोत्तर ०.४ आहे, म्हणून तिला नुसतं बरोबरीत राहायलाही ७१.४ टक्के लागतात. ती ७० वर अडकली आहे.

इथवर दुसरी वही भक्कम दिसते. आता तिच्यावर तीन परीक्षा घेऊ.

पहिली परीक्षा खर्चाची. शेअर डिलिव्हरीत घेतले तर खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का एसटीटी लागतो. त्याखेरीज मुद्रांक शुल्क, एक्स्चेंजचे शुल्क, डिमॅटचा आकार असतो. शिवाय मनात धरलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांत फरक पडतो. एक लाखाच्या सौद्यावर येण्याजाण्याचे मिळून ४०० रुपये धरू. हे ४०० रुपये प्रत्येक नफ्यातून वजा होतात आणि प्रत्येक तोट्यात मिळवले जातात. सरासरी नफा ८,००० होतो, सरासरी तोटा ३,४००. एक्स्पेक्टन्सी १,१०४ वरून ७०४ वर येते आणि बरोबरीसाठी लागणारं प्रमाण २६.३ वरून २९.८ टक्क्यांवर चढतं. खर्च किरकोळ समजू नये. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि २०२३-२४ मध्ये अशा प्रत्येकाने व्यवहारखर्चापोटी सरासरी २६,००० रुपये मोजले. सौदे जितके जास्त आणि एका सौद्यातला अपेक्षित नफा जितका छोटा, तितका खर्च जड होतो.

दुसरी परीक्षा अधिक कठोर आहे. वहीतला सर्वांत मोठा नफा शोधा आणि तो खोडून पुन्हा हिशेब करा. समजा १८ नफ्यांपैकी एक ४२,००० रुपयांचा होता. खर्च वजा जाता ५० सौद्यांची कमाई ३५,२०० रुपये होती. त्यातून या एका सौद्याचे निव्वळ ४१,६०० काढले की उरतात उणे ६,४०० रुपये. उरलेल्या ४९ सौद्यांची सरासरी उणे १३० च्या आसपास. म्हणजे वहीचा सगळा नफा एका शेअरच्या एका चढावर उभा होता. तो सौदा नियमानेच पकडला होता, म्हणून त्याला खोटा म्हणता येत नाही. पण असा सौदा दर पन्नासांत एकदा येतो की दर दोनशेंत, हे या वहीवरून कळत नाही. सरासरी नफ्याचा आकडा तिथेच डळमळीत होतो.

तिसरी परीक्षा सौद्यांच्या संख्येची. पन्नास सौद्यांत दिसलेलं ३६ टक्के हे प्रमाण म्हणजे पद्धतीचं खरं प्रमाण नव्हे, तो त्याचा अंदाज आहे. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या मापाने हा अंदाज दोन्हीकडे साधारण साडेतेरा टक्क्यांनी चुकू शकतो. खरं प्रमाण २३ असेल किंवा ४९ असेल. बरोबरीचे २९.८ टक्के त्याच पट्ट्यात बसतात, म्हणजे पद्धत तोट्याची असण्याची शक्यता अजून संपलेली नाही. हेच ३६ टक्के ४०० सौद्यांत टिकले, तर पट्टा सुमारे ३१ ते ४१ असा आवळतो आणि बरोबरीची रेषा त्याच्या बाहेर पडते. सरासरी नफा-तोटा तसाच राहिला, तर मग पद्धतीवर भरवसा ठेवायला काही आधार मिळतो. जुन्या भावांवर नियम चालवून हे ४०० सौदे मिळवता येतात. मात्र चांगला आकडा येईपर्यंत २० दिवसांचे १८, मग २३ असं बदलत बसलं, तर जुळतो तो भूतकाळ. म्हणून नियम ठरवताना न वापरलेला काळ वेगळा राखून त्यावर एकदाच तपासणी करावी.

या तिन्ही परीक्षा पार केलेली पद्धतही पाळायला अवघड असते, आणि त्याचं कारण याच आकड्यांत आहे. ६४ टक्के सौदे तोट्याचे असतील आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम होत नसेल, तर २०० सौद्यांत कुठेतरी सलग दहा तोटे येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच भरते. वहीतल्या सरासरीने त्यांत ३४,००० रुपये जातात. जवळच्या भांडवलाला हा फटका सोसणारा नसेल, तर सौद्याचा आकार आधीच लहान ठेवावा लागतो. शिवाय प्रत्यक्षात बाजार पडतो तेव्हा अनेक शेअर एकदमच पडतात, त्यामुळे अशी रांग हिशेबापेक्षा लांबही होते.

दहावा तोटा झाल्यावर माणूस अकरावा सौदा सोडून देतो. पद्धत बिघडली असं त्याला मनापासून वाटतं. पण ७०४ रुपयांची ती सरासरी सगळे सौदे घेण्याच्या अटीवर काढलेली आहे. जो ४२,००० चा सौदा खोडला की वही तोट्यात जाते, तो अकरावाही असू शकतो. म्हणून वहीत एक रकाना न घेतलेल्या सौद्यांचाही ठेवावा: नियमाने खरेदी सांगितली होती, आपण केली नाही, पुढे काय झालं. सहा महिन्यांनी त्या रकान्याची एक्स्पेक्टन्सी घेतलेल्या सौद्यांशेजारी मांडली, की पैसे नियमांमुळे गेले की नियम मोडल्यामुळे, हे वहीच सांगते.